वजनं लहान असतील तर डाइक्स्ट्रात हीपऐवजी खाने वापरावेत का?

टेरी_टॉवेल
मंडळी, नमस्कार. मी सोलापुरातच असतो. मामांचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे आणि त्यांच्या टेम्पोंच्या फेऱ्या आखायचा एक प्रोग्राम मी फावल्या वेळात लिहितोय. शहरात 300 दुकानं आहेत. प्रत्येक दुकानापासून शहरातल्या सगळ्या चौकांपर्यंत कमीत कमी वेळ काढायचा आहे, म्हणजे डाइक्स्ट्रा 300 वेळा, तोही शेवटपर्यंत. माझ्या नकाशात साधारण 38 हजार चौक आणि 96 हजार रस्त्याचे तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याचा वेळ मी 5 सेकंदांच्या मापात पूर्णांक करून घेतलाय. सगळ्यात लांब तुकडा 60 मापं.

सध्या `priority_queue` आहे. मित्र म्हणाला, वजनं एवढी लहान असतील तर हीप कशाला, अंतराच्या आकड्याचे खाने कर आणि चौक त्यात टाक. लिहून पाहिलं. वेग वाढला, पण उत्तरं चुकतात. सगळी नाही, काहीच. दोन प्रश्न आहेत. चूक कुठे असेल? आणि ही युक्ती खरंच नेहमी हीपपेक्षा बरी का?

बादलीवाली
इंग्रजीत याला बकेट म्हणतात ना? आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी या. बादल्या वापरण्याचा सगळ्यात वेगवान अल्गोरिदम बघायला मिळेल.

लॉगएन
युक्ती बरी आहे का म्हणजे काय, निर्विवाद बरी. हीपमधून एक नोड काढायला लॉग एन लागतो. तुमचे 38 हजार, त्याचा लॉग पंधरा-सोळा. खान्यातून काढायला एक पायरी. म्हणजे सरळ पंधरा पट वेग. वजनं पूर्णांक असतील तर हीप वापरणं हा आळस आहे.

चौकशी_खिडकी
सोलापूरहून पंढरपूरला मोहोळवरून जावं की मंगळवेढ्यावरून? आषाढीच्या आधी मोहोळवरून फार गर्दी असते असं ऐकलं.

टेरी_टॉवेल
@चौकशी_खिडकी, हा धागा तो नाही हो. (पण मंगळवेढा.)
@लॉगएन, पंधरा पट काही दिसला नाही. 300 धावांना हीपने 2.1 सेकंद लागत होते, आता 0.9.

निवृत्त_सॉर्टर
मला प्रोग्रामिंग येत नाही, पण तीस वर्षं टपाल छाटलंय. कबुतरखान्यासारखे खाने असत. पत्र हातात आलं की पत्ता बघायचा आणि त्या गावाच्या खान्यात सारायचं. दोन पत्रांची एकमेकांशी तुलना कधीच करत नव्हतो. तुमचं हे तसंच असेल तर मला कळलं. पण आमचे खाने भिंतभर होते. तुमचे किती?

कुडलसंगम
काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. खाने किती, यातच टेरी यांची चूक असणार. कोड टाका.

टेरी_टॉवेल
हा घ्या. `C` म्हणजे सगळ्यात मोठं वजन, माझ्याकडे 60.

```cpp
vector<vector<int>> b(C);
dist[s] = 0; b[0].push_back(s);
long long left = 1;
for (int d = 0; left > 0; ++d) {
  auto &q = b[d % C];
  while (!q.empty()) {
    int u = q.back(); q.pop_back(); --left;
    if (dist[u] != d) continue;
    for (auto [v, w] : adj[u])
      if (d + w < dist[v]) {
        dist[v] = d + w;
        b[dist[v] % C].push_back(v);
        ++left;
      }
  }
}
```

कुडलसंगम
सापडली. `C` खाने पुरत नाहीत, `C + 1` लागतात. तिन्ही ठिकाणी बदला. पण एका खान्याने एवढं का बिघडतं ते बघण्यासारखं आहे, म्हणून आपल्याच गावातल्या सहा ठिकाणांवर करून दाखवतो. मिनिटं मी मनाने घातली आहेत, उगाच भांडू नका.

स्टेशन ते पार्क चौक 1, स्टेशन ते सात रस्ता थेट 4, पार्क चौक ते सात रस्ता 2, पार्क चौक ते नवी पेठ 1, नवी पेठ ते सात रस्ता 3, सात रस्ता ते विजापूर नाका 4, विजापूर नाका ते जुळे सोलापूर 2. सगळ्यात मोठं वजन 4, म्हणून पाच खाने घेऊ, क्रमांक 0 ते 4. ते गोल फिरतात. अंतर 7 असेल तर चिठ्ठी 7 भागिले 5 ची बाकी, म्हणजे 2 क्रमांकाच्या खान्यात.

घड्याळ 0 वर. स्टेशनची चिठ्ठी काढली. पार्क चौक खाना 1 मध्ये गेला, सात रस्ता खाना 4 मध्ये. घड्याळ 1. पार्क चौक निघाला. त्याच्याकडून सात रस्ता 3 मध्येच मिळतो, म्हणून त्याची नवी चिठ्ठी खाना 3 मध्ये. जुनी चिठ्ठी खाना 4 मध्ये तशीच पडून राहते, ती शोधून फाडायची नाही. नवी पेठ खाना 2 मध्ये. घड्याळ 2, नवी पेठकडून सात रस्ता 5 ला पडतो, उपयोग नाही. घड्याळ 3, सात रस्ता निघाला, विजापूर नाका 7 वर म्हणून खाना 2 मध्ये. घड्याळ 4 ला ती जुनी चिठ्ठी हातात येते. सात रस्त्याचं अंतर 3 आणि घड्याळ 4, जुळत नाही, टाकून द्या. 5 आणि 6 ला खाने रिकामे. 7 ला विजापूर नाका, जुळे सोलापूर 9 वर. संपलं.

आता टेरी यांच्यासारखे चारच खाने घ्या. घड्याळ 3 वर सात रस्ता निघाला, विजापूर नाका 7 वर. 7 भागिले 4 ची बाकी 3. म्हणजे चिठ्ठी ज्या खान्यातून आपण आत्ता काढतोय त्याच खान्यात पडली. लगेच हाती आली, अंतर 7, घड्याळ 3, "शिळी आहे" म्हणून फेकली. ती शिळी नव्हती, पुढची होती. गंमत म्हणजे विजापूर नाक्याचं अंतर 7 हे बरोबरच दिसतं, कारण `dist` मध्ये ते आधीच लिहिलंय. पण तिथून पुढे कोणी गेलंच नाही, म्हणून जुळे सोलापूर अनंत अंतरावर.

टेरी_टॉवेल
अगदी हेच होतंय! काही चौकांची उत्तरं बरोबर, पण त्यांच्या पलीकडची एक तर अनंत, नाही तर वळसा घालून आलेली. आणि फक्त बरोबर 60 मापांच्या रस्त्याच्या टोकाशी. मला वाटलं नकाशाच तिथे तुटलाय. दोन संध्याकाळी मी रस्ते हाताने जोडत बसलो होतो.

पुणेकर_आता
काय करलालाव बे, दोन संध्याकाळी! आधी दहा नोडांचे रँडम ग्राफ करून हीपवाल्या उत्तराशी ताडून बघायचं. वजनं 1 ते 3 ठेव, म्हणजे कमाल वजन सारखं सारखं येतं आणि असला घोळ पहिल्या मिनिटात उघडा पडतो. 60 मध्ये एखादाच तुकडा कमाल वजनाचा असतो, तो लपून बसतो.

रच्याकने, कुडल, तुमच्याच उदाहरणात स्टेशन ते सात रस्ता हा 4 चा रस्तासुद्धा चार खान्यांत 0 मध्ये पडून फेकला गेला असता ना?

कुडलसंगम
हो, आणि तिथे काहीच बिघडलं नसतं, कारण सात रस्ता नंतर 3 ला मिळालाच. म्हणून तर ही चूक दगाबाज आहे. बऱ्याचदा दुसरा बरा रस्ता सापडतो आणि ती झाकली जाते.

`C + 1` का पुरतात ते एका वाक्यात: घड्याळ d वर असताना खान्यांतली कुठलीही चिठ्ठी d पेक्षा मागे नसते आणि d अधिक C च्या पुढे नसते. तेवढे वेगवेगळे आकडे मावले की झालं.

लॉगएन
मग या रीतीला डायलचा अल्गोरिदम का म्हणतात, ते समजलं. जुन्या फोनच्या तबकडीसारखं गोल फिरतं म्हणून.

कुडलसंगम
छान लागतंय, पण नाही. डायल हे आडनाव आहे. रॉबर्ट डायल यांनी 1969 साली एसीएमच्या मासिकात ही रीत छापली, अल्गोरिदम क्रमांक 360. डाइक्स्ट्रांचा मूळ लेख 1959 चा, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी.

बादलीवाली
आडनाव डायल आणि काम गोल फिरणारं. आमच्याकडे आडनाव पाणीपुरे आणि गल्लीत पाणी नाही.

कुडलसंगम
आता लॉगएन यांच्या पंधरा पटीकडे. दोन ठिकाणी गडबड आहे. पहिलं, हीपमध्ये 38 हजार नोड एका वेळी नसतातच. ज्यांना आपण गाठलंय पण अजून पक्कं केलेलं नाही तेवढेच असतात, म्हणजे पुढे सरकणाऱ्या लाटेची कड. शहराच्या नकाशात ती काही शे असते. त्याचा लॉग आठ-दहा, आणि तेवढा छोटा हीप प्रोसेसरच्या कॅशमध्ये आरामात बसतो. दुसरं, दोन्ही रीतींत `adj[u]` आणि `dist[v]` वाचायला मेमरीत इकडेतिकडे उड्या माराव्या लागतात. तो खर्च खाने वाचवत नाहीत. म्हणून टेरी यांना मिळालेला दुप्पट-सव्वादोन पट वेग मला अगदी पटतो.

आणि टेरी यांच्या शहरात खाने का जिंकतात ते बघा. सगळ्यात लांबचा चौक समजा 45 मिनिटांवर. 2700 सेकंद, म्हणजे 540 मापं. घड्याळ 541 वेळा टिकटिकतं आणि तेवढ्यात 38 हजार चौक निघतात. दर टिकेला सरासरी सत्तर. रिकामा खाना क्वचितच. हा आकडा बघायचा: घड्याळ किती टिकांनी संपतं आणि त्यात नोड किती निघतात. पुस्तकात खर्च m अधिक nC लिहिलेला असतो, त्याने लोक घाबरतात. तो सगळ्यात वाईट बाबतीतला. खरा खर्च तुकड्यांची संख्या अधिक सर्वात लांबचं अंतर, एवढाच.

पुणेकर_आता
+1. वजनं फक्त 0 आणि 1 असतील तर दोनच खाने उरतात, तीच आपली डेकवाली बीएफएस. स्पर्धांत सगळे ती पाठ करून येतात आणि 0, 1, 2 आलं की हीपकडे धावतात.

0 वजनावरून आठवलं. टेरीने `while (!q.empty())` लिहिलंय ते बरोबर आहे. मी एकदा तिथे `for (int u : q)` लिहिलं होतं. 0 वजनाचा तुकडा आला की त्याच खान्यात `push_back` होतो, व्हेक्टर मेमरीत दुसरीकडे सरकतो आणि लूप जुन्या जागेवर वाचत राहतो. कधी चालतं, कधी कोसळतं. माझ्या मशीनवर चालायचं, अर्थातच.

टेरी_टॉवेल
`C + 1` केलं, 300 च्या 300 धावा हीपशी तंतोतंत जुळल्या. धन्यवाद सगळ्यांना!

टेरी_टॉवेल
(चार दिवसांनी) परत आलो. मामा म्हणाले, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरची दुकानंही घे. नकाशा 1 लाख 20 हजार चौकांचा झाला. सोबत नवीन विदेत वेळ मिलिसेकंदात मिळत होता, म्हटलं अचूकता का सोडा, तसाच घेतला. आता खाने हीपपेक्षा सरळसरळ हळू आहेत. कोड तोच. काय झालं?

लॉगएन
हे मात्र मलाही जमलं. सर्वात लांबचं दुकान किती वेळावर? आणि सगळ्यात मोठा तुकडा?

टेरी_टॉवेल
दीड तास. मोठा तुकडा हायवेचा, 4 मिनिटं.

लॉगएन
दीड तास म्हणजे 54 लाख मिलिसेकंद. 54 लाख टिका आणि चौक 1 लाख 20 हजार. दर चौकामागे 45 टिका, त्यातल्या 44 तरी रिकाम्या. आधी एका टिकेला सत्तर चौक होते, आता एका चौकाला 45 टिका. माझं "निर्विवाद" मागे घेतो.

कुडलसंगम
व्वा. त्यात हेही घाला: 4 मिनिटं म्हणजे 2,40,000, तेवढे अधिक एक खाने. एक रिकामा `vector` सुद्धा 24 बाइट घेतो, म्हणजे नुसत्या रिकाम्या खान्यांना साडेपाच-पावणेसहा एमबी. घड्याळाच्या प्रत्येक फेरीत ते सगळं मेमरीतून वाचायचं, त्यात बहुतेक काही नाही हे कळायला. आणि हे सगळं एका हायवेच्या तुकड्यामुळे.

निवृत्त_सॉर्टर
आमच्याकडे असं झालं तर रिकाम्या खान्यांना हात लावत नव्हतो. ज्यात पत्र पडेल त्यावर खडूने रेघ मारायची, मग रेघा बघत चालायचं.

कुडलसंगम
काका, तुम्ही चुकीच्या खात्यात होता. हाच एक उपाय आहे. प्रत्येक खान्यामागे एक बिट ठेवायचा. 2,40,001 बिट म्हणजे 30 केबी, कॅशमध्ये मावतो. 64 बिटांचा एक शब्द शून्य असेल तर 64 खाने एका तपासणीत ओलांडायचे. 54 लाखांच्या जागी सुमारे 84 हजार तपासण्या, म्हणजे चौकांच्या संख्येपेक्षाही कमी.

पुणेकर_आता
मला ते ओढून ताणून वाटतं. टेम्पोवाल्याला मिलिसेकंद कशाला? परत 5 सेकंदांवर आण, विषय संपला.

टेरी_टॉवेल
तेच करणार होतो, पण भीती वाटते. बार्शीच्या रस्त्यावर दोनेकशे तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा जवळच्या 5 सेकंदांना नेला तर दर तुकड्याला अडीच सेकंदांपर्यंत चूक. सगळ्या एकाच बाजूला गेल्या तर 500 सेकंद, आठ मिनिटांहून जास्त. आणि गावातले तुकडे 1-2 सेकंदांचे असतात, ते सगळे 0 होतात. खालच्या 5 ला नेले तर बोळातून फुकट जाता येईल.

कुडलसंगम
बरोबर भीती आहे. सहसा चुका एकमेकांना खातात, पण छोटे तुकडे सगळे एकाच बाजूला झुकतात, तिथे खात नाहीत.

वजनं न बिघडवता खाने रुंद करता येतात. खान्याची रुंदी सगळ्यात लहान वजनाएवढी किंवा त्याहून कमी ठेवा. समजा लहानात लहान तुकडा 800 मिलिसेकंदांचा. मग 0 ते 799 पहिला खाना, 800 ते 1599 दुसरा. सध्याच्या खान्यातला एक चौक त्याच खान्यातल्या दुसऱ्या चौकाला सुधारू शकत नाही, कारण त्याच्याकडून जायला निदान 800 लागतात आणि तेवढ्याने खाना संपतो. म्हणून खान्यातले चौक कुठल्याही क्रमाने काढा, उत्तर अचूकच. 54 लाख टिकांच्या जागी 6750. वजनं अपूर्णांकात असली तरी हे चालतं.

दोन खाचखळगे. तुमचा `if (dist[u] != d)` आता चालणार नाही, कारण घड्याळ फक्त खाना सांगतं, अंतर नाही. चिठ्ठीवर चौकासोबत तेव्हाचं अंतरही लिहा आणि त्याच्याशी ताडा. आणि खाने मोजताना काठावरचा एक जास्त धरा: कमाल वजन भागिले रुंदी, अपूर्णांक सोडून, अधिक दोन. एका खान्याने काय होतं ते तुम्ही भोगलंय.

टेरी_टॉवेल
सगळ्यात लहान तुकडा बघितला. 20 मिलिसेकंद! नकाशात दोन चौक एकमेकांना चिकटलेत.

लॉगएन
54 लाख भागिले 20, 2 लाख 70 हजार. दर चौकाला सव्वादोन टिका. तरी चालेल की! 45 होत्या.

पुणेकर_आता
किंवा असे चिकटलेले चौक आधी एक करून टाक. किंवा सरळ रॅडिक्स हीप घे. आहुजा, मेलहॉर्न, ऑर्लिन आणि टार्जन, 1990. खाने विसेक पुरतात, पहिले अरुंद, पुढचे दुप्पट-दुप्पट रुंद, पुढचा खाना गाठला की त्यातला माल मागच्यांत वाटायचा. कमाल वजन दुप्पट झालं तरी खाने एकेकानेच वाढतात.

कुडलसंगम
रॅडिक्स हीप चांगलाच आहे, पण प्रत्येक चिठ्ठी अनेकदा हलते. या नकाशावर तो बिट लावलेल्या खान्यांना हरवेल असं मी पैजेवर सांगणार नाही. मोजल्याशिवाय नाही.

पुणेकर_आता
मी सांगतो. हरवेल.

टेरी_टॉवेल
20 च्या रुंदीने केलं, बिट न लावता. पुन्हा हीपच्या पुढे, पण थोडंसंच, दीडपटही नाही. शहरापुरतं होतं तेव्हासारखी मजा नाही. चौक एक करून रुंदी 800 च्या आसपास नेता आली तर बघतो. रॅडिक्स हीप रविवारी.

एक शंका. 300 धावा चार थ्रेडवर वाटल्या तर खाने सगळ्यांचे मिळून एकच ठेवू का?

कुडलसंगम
नाही! प्रत्येक थ्रेडचे खाने आणि `dist` वेगळे. धावा एकमेकींवर अवलंबून नाहीत, एकत्र ठेवून नुसती कुलुपं लावत बसाल. फक्त धाव संपली की खाने फेकून नवे करू नका, तेच परत वापरा. `left` शून्य झाला म्हणजे ते रिकामेच असतात.

चौकशी_खिडकी
मंगळवेढ्यावरून गेलो होतो. छान रस्ता. आभारी आहे.